सहमत, असहमत आणि आईच्या पाटल्या

मागच्या डिसेंबरात आई साताऱ्याहून तीन महिन्यांसाठी सिंगापूरला आली होती. तेव्हा मी एका प्रश्नावलीचं मराठी भाषांतर करत होते. इथल्या घरांमध्ये राहायला आलेल्या मराठी आजीआजोबांना ती द्यायची होती. इथे फॉर्म इंग्रजी, मँडरिन, मलय आणि तमिळमध्ये मिळतात, मराठीत मिळत नाहीत. त्यामुळे भाषांतर आपलं आपणच करायचं आणि तपासायलाही घरातलंच माणूस धरायचं. क्लेमेंटीच्या घरात, स्वयंपाकघरातल्या टेबलावर आईला कागद आणि पेन दिलं. चहा गार व्हायच्या आत तिने अठराच्या अठरा विधानांपुढे खुणा करून कागद परत दिला.

प्रश्नावली होती 'मटेरियल व्हॅल्यूज स्केल'. माणसाला वस्तूंचा, मालमत्तेचा किती सोस आहे हे मोजणारी ही पट्टी मार्शा रिचिन्स आणि स्कॉट डॉसन या अमेरिकन संशोधकांनी 1992 साली प्रसिद्ध केली. तिच्यात 18 विधानं आहेत. प्रत्येकापुढे 'अजिबात सहमत नाही' पासून 'पूर्णपणे सहमत' पर्यंत पाच खण. दहा विधानं सरळ आहेत, म्हणजे सहमत झालात तर तुम्हाला वस्तूंचा सोस आहे असं समजायचं. उरलेली आठ उलटी आहेत. तिथे सहमत झालात तर सोस नाही असं समजायचं. बेरीज करण्याआधी या आठ विधानांचे गुण फिरवून घेतात: 6 मधून उत्तर वजा करायचं, म्हणजे 5 चा 1 होतो, 4 चा 2, आणि 3 तिथेच राहतो.

आईची उत्तरं मी फिरवून पाहिली आणि अडखळले. 'मला माझ्या वस्तूंचं फारसं महत्त्व वाटत नाही' या विधानापुढे तिने 'असहमत' वर खूण केली होती. म्हणजे हिशेबाप्रमाणे तिला वस्तूंचं महत्त्व वाटतं. जी बाई गेली वीस वर्षं एकच छत्री वापरते, तिच्याबद्दल हे पटेना. विचारलं तर म्हणाली, "अगं, नाही वाटत महत्त्व. म्हणून तर नाहीवर खूण केली."

दुसरी गंमत आणखी खाली होती. 'मी शक्य तितकं साधं राहते' याला सहमत. 'आवडीची वस्तू विकत घेतली की मला खूप आनंद होतो' यालाही सहमत. पट्टीच्या दृष्टीने ही दोन उत्तरं एकमेकांना खोडतात. आईने खांदे उडवले. "साधं राहायचंच. पण पाटल्या केल्या तेव्हा आनंद झाला, तो खोटा का सांगू?"

या दोन उत्तरांमधला फरक लक्षात ठेवा. पहिलं उत्तर चुकलेलं आहे. दुसरं पूर्ण खरं आहे. माझ्या संगणकावरच्या तक्त्यात मात्र दोन्ही सारखीच दिसतात: 'उत्तरदात्याने विसंगत उत्तरं दिली'.

उलटी विधानं घालायची पद्धत कुठून आली हे आधी पाहू, कारण ती मूर्खपणातून आलेली नाही. रेन्सिस लिकर्ट यांनी 1932 साली सहमत-असहमतची ही रीत मांडली, तेव्हाच साधारण निम्मी विधानं एका दिशेची आणि निम्मी विरुद्ध दिशेची असावीत असं सुचवलं होतं. माणूस एकाच बाजूच्या खणात झपाझप खुणा करत जाऊ नये हा हेतू होता. शिवाय काही माणसांचा स्वभावच हो ला हो म्हणण्याचा असतो. समोरचा शिकलेला आहे, त्याने लिहिलंय म्हणजे खरंच असणार, कशाला नाही म्हणा! आपल्याकडे हा स्वभाव शोधायला लांब जावं लागत नाही. 1950 साली कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी हुकूमशाही वृत्ती मोजणारी 'एफ स्केल' नावाची पट्टी काढली. तिच्यातली सगळी विधानं एकाच दिशेची होती. त्यामुळे पुढे अनेक वर्षं वाद झाला की ही पट्टी हुकूमशाही वृत्ती मोजते की नुसता होयबा स्वभाव. उलटी विधानं असती तर हा वाद इतका चिघळला नसता.

म्हणजे औषध खऱ्या रोगावरचं आहे. पण ते नेमकं काय करतं, हे बेरीज मांडून पाहिल्याशिवाय कळत नाही.

समजा एका गृहस्थांनी काहीही न वाचता अठराही विधानांपुढे 'सहमत' म्हणजे 4 वर खूण केली. सरळ दहांचे झाले 40. उलट्या आठांचे फिरवून दोन-दोन, म्हणजे 16. एकूण 56. दुसऱ्या बाईंनी सगळीकडे 'असहमत' म्हणजे 2 वर खूण केली. सरळ दहांचे 20, उलट्या आठांचे फिरवून चार-चार म्हणजे 32. एकूण 52. ही पट्टी 18 ते 90 अशी आहे आणि तिचा बरोबर मध्य 54 आहे. म्हणजे सतत मान डोलावणारा आणि सतत मान हलवणारी, दोघंही मध्यावर येऊन बसले. सगळी विधानं सरळ असती तर पहिला 72 वर आणि दुसरी 36 वर गेली असती, तेव्हा हा फायदा नक्कीच आहे. पण पाहा, या दोघांची खरी वृत्ती आपल्याला अजूनही कळलेली नाही. उलट्या विधानांनी त्यांचं उत्तर दुरुस्त केलं नाही, फक्त मधल्या गर्दीत लपवलं.

आता आईसारखी व्यक्ती घ्या, जिला खरोखर सोस नाही आणि जी लक्ष देऊन वाचते. सरळ विधानांना ती 2 देते, उलट्यांना 4. बेरीज 20 अधिक 16, म्हणजे 36. पण उलट्या विधानांतला 'नाही' तिला फसवतो आणि तिथेही ती 2 वर खूण करते. मग बेरीज होते 20 अधिक 32, म्हणजे 52. सोळा गुणांनी वाढली. ती सुद्धा त्याच मधल्या गर्दीत गेली, बेफिकीर गृहस्थांच्या शेजारी.

एका माणसाचं एवढं मनावर घेऊ नये, पण ही पट्टी समूहांची तुलना करायला वापरतात. दोन देशांतल्या प्रत्येकी शंभर माणसांची खरी बेरीज 36 आहे असं धरा, म्हणजे दोन्ही देश अगदी सारखे. एका देशात सगळ्यांनी विधानं नीट वाचली. दुसऱ्या देशात शंभरातले वीस जण उलट्या विधानांवर फसले. पहिल्या देशाची सरासरी 36, दुसऱ्याची 39.2. आता शोधनिबंध लिहायला बसलेला माणूस काय लिहील? दुसऱ्या देशातल्या लोकांना वस्तूंचा सोस अधिक आहे. आणि मग त्याची कारणंही सापडतील: झपाट्याने आलेली श्रीमंती, मॉल, तरुण पिढी. कारणं शोधायला कधीच कमी पडत नाहीत. उलट, ज्यांना खरंच सोस आहे अशा समूहात हाच गोंधळ झाला तर सरासरी खाली येईल. गोंधळ नेहमी मध्याकडे ओढतो, त्यामुळे तो कुठल्या बाजूला ढकलेल हे समूह मुळात कुठे आहे यावर ठरतं. म्हणून सगळ्यांच्या बेरजेतून ठरावीक आकडा वजा करून तो काढून टाकता येत नाही.

हा निव्वळ कागदी खेळ नाही. नेमक्या याच पट्टीवर, आणि आपल्या सिंगापूरलाही धरून, हे तपासून झालं आहे. नॅन्सी वाँग, ॲरिक रिंडफ्लाइश आणि जेम्स बरोज यांनी 2003 साली 'जर्नल ऑफ कन्झ्युमर रिसर्च' मध्ये एक निबंध छापला. अमेरिका, सिंगापूर, थायलंड, जपान आणि कोरिया या पाच देशांतल्या 800 हून अधिक प्रौढांनी ही पट्टी भरली होती. प्रश्न साधा होता: अमेरिकेत बनवलेली ही मोजपट्टी बाकीच्या देशांतही तीच गोष्ट मोजते का? निष्कर्ष असा निघाला की सरळ आणि उलट्या विधानांची ही मिसळच देशादेशांतल्या तुलनेच्या आड येते. तुलना करण्याआधी पट्टी सगळीकडे सारखी वागली पाहिजे, आणि ती तशी वागत नव्हती.

असं का व्हावं? आईची दोन उत्तरं इथे कामी येतात, कारण त्यांच्यामागे दोन वेगळी कारणं आहेत.

पहिलं कारण भाषेतलं. "तू चहा घेत नाहीस ना?" असं मी विचारलं तर चहा न घेणारी मराठी व्यक्ती काय म्हणेल? "नाही." कधीकधी "हो, नाही घेत." दोन्ही बरोबर, दोन्हींचा अर्थ एकच. आपलं 'नाही' पुष्कळदा समोरच्याच्या नकाराला दुजोरा देतं. जपानी किंवा मँडरिन बोलणारा माणूस अशा प्रश्नाला बहुधा होकारानेच सुरुवात करेल, कारण समोरच्याचं म्हणणं खरं आहे. प्रत्येक भाषेची यासाठी आपापली सवय आहे आणि बोलताना कुणाचं काही अडत नाही, कारण सूर आणि पुढचं वाक्य मदतीला असतं. फॉर्मवर मात्र 'असहमत' या शब्दाला एकच अर्थ दिलेला आहे: वरचं वाक्य खोटं आहे. 'महत्त्व वाटत नाही' याला 'असहमत' म्हणजे नकाराचा नकार. त्यात मराठी वाक्यात 'नाही' अगदी शेवटी येतं आणि लगेच पुढे खण सुरू होतात. कानात घुमणारं 'नाही' घेऊन हात 'असहमत' कडे जातो. आई निष्काळजी नव्हती. ती मराठीत उत्तर देत होती.

दुसरं कारण अर्थातलं आहे, आणि मला ते जास्त महत्त्वाचं वाटतं. 'नाही' ची अडचण टाळायला अनुभवी लोक सांगतात की नकार वापरू नका, उलट अर्थाचं होकारार्थी वाक्य करा. 'वस्तू महत्त्वाच्या वाटत नाहीत' च्या ऐवजी 'मी साधं राहते'. वाचायला सोपं झालं खरं. पण साधं राहणं हे वस्तूंच्या आनंदाच्या विरुद्ध आहे, हे कुणी ठरवलं? मराठी मध्यमवर्गीय घरात या दोन गोष्टी शेजारी शेजारी सुखाने नांदतात. रोजच्या वापराला दोन सुती साड्या आणि कपाटात लग्नाची पैठणी, ही विसंगती नाही, ती शिस्त आहे. सोनं ही चैन आहे, बचत आहे की मुलीची सोय, हे विचारल्याशिवाय कळत नाही. जिथे दोन वाक्यं एकमेकांची टोकं नसतात तिथे एकाचे गुण फिरवून दुसऱ्यात मिसळणं म्हणजे उंची आणि वजन एकाच पट्टीवर मोजण्यासारखं आहे.

आपल्या आकड्यांत यातलं काही घडलंय का, हे कसं ओळखायचं? पहिली पायरी इतकी सोपी आहे की लोक ती वगळतात. गुण फिरवण्याआधी प्रत्येक माणसाच्या सरळ विधानांची सरासरी आणि उलट्या विधानांची सरासरी वेगवेगळी काढा. एक जास्त तर दुसरी कमी असली पाहिजे, म्हणजे दोन्हींतला सहसंबंध चांगला ऋण असला पाहिजे. तो शून्याच्या आसपास रेंगाळत असेल तर तुमच्या हातात एक पट्टी नसून दोन आहेत. एखादंच विधान बाकीच्यांच्या विरुद्ध धावत असेल तर आधी आपलीच चूक शोधा, ते फिरवायचं राहून गेलं असेल. माझं राहिलं होतं, पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी, आणि त्यावर मी दोन आठवडे एक छानसा सिद्धांत रचत बसले होते.

दुसरी पायरी म्हणजे घटक विश्लेषण, ज्यात कुठली विधानं एकत्र चालतात ते पाहतात. इथे एक सापळा आहे. सरळ विधानं एका गटात आणि उलटी दुसऱ्या गटात गेली की संशोधकाला वाटतं, अरे वा, दोन वेगळ्या वृत्ती सापडल्या. श्मिट आणि स्टल्ट्स यांनी 1985 साली कृत्रिम आकडे तयार करून दाखवलं की दर दहांतल्या एका माणसाने जरी उलटेपणाकडे लक्ष न देता उत्तरं दिली, तरी असा खोटा दुसरा गट दिसू लागतो. तेव्हा नवी वृत्ती सापडल्याचा आनंद करण्याआधी त्या गटात फक्त उलटीच विधानं आहेत का ते पाहावं.

तिसरी पायरी संगणकावर होत नाही. पाच-सहा माणसांना समोर बसवून प्रत्येक खुणेमागचं कारण मोठ्याने सांगायला लावायचं. आईचं चुकलेलं उत्तर आणि खरं उत्तर मला एवढ्यानेच वेगळं करता आलं. दुसरा कुठलाही मार्ग मला माहीत नाही.

यावर माझ्या एका सहकाऱ्याचं म्हणणं असं की मग उलटी विधानं काढूनच टाक. सरळ दहांचीच बेरीज कर, विश्वासार्हतेचा आकडा, तो क्रॉनबाखचा अल्फा, लगेच वाढेल. वाढेल हे खरं आहे. पण अल्फा म्हणजे उत्तरं आपापसांत किती जुळतात एवढंच. हो ला हो म्हणणाऱ्यांची उत्तरं फारच छान जुळतात! उलटी विधानं काढल्यावर वाढलेल्या अल्फात किती भाग खऱ्या वृत्तीचा आणि किती होयबा स्वभावाचा, हे सांगायचं साधनच आपण फेकून दिलेलं असतं. शिवाय दहा विधानांची बेरीज जुन्या अठरा विधानांच्या अभ्यासांशी ताडून पाहता येत नाही ते वेगळंच.

माझं मत असं आहे. जुनी, प्रस्थापित पट्टी वापरायचीच असेल तर सगळी विधानं ठेवा, पण दोन्ही गटांचे निकाल वेगवेगळे छापा आणि त्यांच्यातला सहसंबंध झाकू नका. वाचणाऱ्याला ठरवू द्या. निष्काळजी माणसं पकडायची असतील तर उलट्या विधानांवर ते काम टाकू नका. 'या ओळीत असहमत वर खूण करा' अशी एक वेगळी ओळ घाला आणि तिचे गुण बेरजेत धरू नका. ती ओळ लक्ष तपासते आणि दुसरं काहीच करत नाही, म्हणूनच ती बरी. आणि पट्टी नव्याने बनवत असाल, किंवा मराठीसारख्या भाषेत पहिल्यांदा आणत असाल, तर सहमत-असहमत हा साचाच सोडा.

हे शेवटचं माझ्या डोक्यातून आलेलं नाही. वाँग आणि मंडळींनी दुसऱ्या अभ्यासात तेच केलं: विधानांच्या जागी कुठल्याही बाजूला न कललेले प्रश्न ठेवले. तेव्हा अडचण कमी झाली. माझ्या शब्दांत सांगायचं तर 'महागड्या वस्तू बाळगणाऱ्यांचं मला कौतुक वाटतं: सहमत की असहमत' असं न विचारता 'महागड्या वस्तू बाळगणाऱ्यांचं तुम्हाला कितपत कौतुक वाटतं' असं विचारायचं, आणि खणांवर 'अजिबात नाही' पासून 'खूप' पर्यंत लिहायचं. दोन्ही टोकं समोर लिहिलेली असतात. मान डोलावायला वाक्यच नाही, आणि नकाराचा नकार करायची वेळ येत नाही.

याचाही खर्च आहे. प्रत्येक प्रश्नाचे खण वेगळे लिहावे लागतात, कागद लांबतो, फोनच्या पडद्यावर तक्ता नीट बसत नाही. आणि ज्यांना मधल्याच खणात खूण करायची सवय आहे ते इथेही मध्येच करतात.

जानेवारीत आईला मी प्रश्नांच्या रूपातला नवा कागद दिला. या वेळी चहा खरंच गार झाला. 'वस्तूंशिवाय तुमचं कितपत चालेल' या प्रश्नावर ती बराच वेळ थांबली आणि मग विचारलं, "यात पाटल्या धरायच्या का?" मी कागदाच्या कोपऱ्यात तो प्रश्न लिहून घेतला. तो प्रश्न आता तीन प्रश्नांत मोडला आहे: रोजच्या वापराच्या वस्तू, हौसेच्या वस्तू, आणि सोनं.